पोटात तीन लिटर, पाठीला अंत नाही: 1/x चं शिंग

पोळ्याला बैलाची शिंगं रंगवायची तर डबा किती मोठा आणायचा, हे घरातल्या जाणत्या माणसाला मोजावं लागत नाही. शिंग बुडाशी जाड असतं आणि टोकाकडे निमुळतं होत जातं. बुडाशी कुंचला दोनदा बुडवावा लागतो, टोकाशी नुसता टेकवला तरी भागतं. आता असं एक शिंग डोळ्यांसमोर आणा, जे बारीक-बारीक होत जातं पण ज्याला टोकच नाही. ते आतून पोकळ आहे. गणित सांगतं की त्यात ३.१४ लिटर रंग ओतला की ते काठोकाठ भरतं. तेच गणित पुढे सांगतं की त्याच्या अंगाचं क्षेत्रफळ अनंत आहे, म्हणजे ते रंगवायला जगातला सगळा रंग अपुरा पडेल. पण आत ओतलेला रंग आतल्या भिंतीला लागलेलाच असतो ना? मग ती भिंत सव्वातीन लिटरही रंग न वापरता रंगली कशी?

या आकाराला गणितात गॅब्रिएलचं शिंग म्हणतात. ख्रिस्ती कथेत कयामतीच्या दिवशी रणशिंग फुंकणारा देवदूत तो गॅब्रिएल. दुसरं नाव टोरिचेलीचं शिंग. टोरिचेली हा खरा माणूस होता आणि त्याच्याकडे आपण शेवटी येऊ.

शिंग बनवायची कृती सोपी आहे. आलेखाच्या कागदावर आडवा अक्ष काढा. त्यावर १ या ठिकाणी १ एकक उंच टिंब द्या, २ पाशी अर्धा एकक, ४ पाशी पाव, १० पाशी एक दशांश. सगळी टिंबं जोडली की y = 1/x हा वक्र मिळतो. तो अक्षाच्या जवळ-जवळ येत राहतो, पण अक्षाला कधीच टेकत नाही. आता विहिरीवरचा रहाट आडव्या कण्याभोवती फिरतो तसा हा वक्र आडव्या अक्षाभोवती एक पूर्ण फेरा फिरवा. फिरताना तो ज्या जागेला वेढतो ते आपलं शिंग. त्याचं तोंड १ पाशी, तिथून ते उजवीकडे कायमचं जात राहतं, आणि x या ठिकाणी त्याची त्रिज्या असते १/x.

लिटरमध्ये बोलता यावं म्हणून एक एकक म्हणजे १० सेंटिमीटर धरू. १० सेंटिमीटर बाजूच्या डब्यात बरोबर एक लिटर मावतं, त्यामुळे घन एकक म्हणजे लिटर असा हिशेब जुळतो. अंतर नेहमी अक्षाच्या शून्यापासून मोजू, म्हणजे तोंड १० सेंटिमीटरवर येतं. तोंडाची त्रिज्या १० सेंटिमीटर, एखाद्या मध्यम पातेल्याएवढी. एक मीटरवर शिंगाची त्रिज्या १ सेंटिमीटर उरते, दहा मीटरवर १ मिलिमीटर, शंभर मीटरवर मिलिमीटरचा दहावा भाग. तोंड नागपुरात ठेवलं तर वर्ध्याच्याही पुढे, शंभर किलोमीटरवर, त्रिज्या मिलिमीटरचा दहा हजारावा भाग असते, आणि तरी शिंग संपलेलं नसतं.

आता हे शिंग दहाच्या पटीत कापायचं. पहिला तुकडा १ ते १०, दुसरा १० ते १००, तिसरा १०० ते १०००, असं पुढे. या कापण्यातच सगळं गुपित आहे, बाकी फक्त बेरीज.

एका तुकड्यावरून पुढच्या तुकड्यावर गेलं की दोन गोष्टी घडतात. लांबी दहापट होते आणि जाडी दहावा भाग होते. घनफळ म्हणजे लांबी गुणिले कापल्यावर दिसणारं वर्तुळ. त्रिज्या दहावा भाग झाली की वर्तुळाचं क्षेत्रफळ शंभरावा भाग होतं, कारण त्रिज्येचा वर्ग घ्यावा लागतो. लांबी दहापट, वर्तुळ शंभरावा भाग, म्हणून घनफळ दहावा भाग. पृष्ठफळ मात्र लांबी गुणिले परीघ असं ढोबळमानानं मोजलं जातं, आणि परिघाच्या सूत्रात त्रिज्या एकदाच येते. लांबी दहापट, परीघ दहावा भाग, म्हणून पृष्ठफळ होतं तेवढंच राहतं. पोट प्रत्येक तुकड्यात दहा पटीनं खंगतं आणि पाठ तेवढीच राहते.

एवढ्यावरून सिद्धता करायची तर इंटिग्रेशन लागतच नाही. पहिला तुकडा नऊ एकक लांब आहे आणि त्याची त्रिज्या कुठेही १ पेक्षा जास्त नाही. म्हणून तो १ त्रिज्येच्या नऊ एकक लांब नळात बसतो, आणि त्या नळात ९π म्हणजे सुमारे २८.३ लिटर मावतात. पुढचा तुकडा याच्या दहावा, त्यापुढचा शंभरावा. बेरीज केली तर २८.३ + २.८३ + ०.२८३ + … ही ३१.५ च्या पुढे जातच नाही. म्हणजे घनफळ मर्यादित आहे, एवढं तरी पक्कं झालं. आता पृष्ठफळ. त्याच पहिल्या तुकड्याची त्रिज्या कुठेही ०.१ पेक्षा कमी नाही, म्हणून परीघ किमान ०.६२८ आणि लांबी ९, म्हणजे पृष्ठफळ किमान ५.६५ चौरस एकक. दुसऱ्या तुकड्याची लांबी ९०, परीघ किमान ०.०६२८, पुन्हा किमान ५.६५. तिसऱ्यातही तेच. तुकडे कधी संपत नाहीत आणि प्रत्येक तुकडा किमान ५.६५ ची भर घालतो, तेव्हा बेरजेला कुठलीच हद्द राहत नाही.

इथे हमखास होणारी चूक सांगून ठेवतो. “तुकडे बारीक होत जातात, म्हणून बेरीज कुठेतरी थांबणारच,” असं मुलं म्हणतात. शिंग बारीक होतं हे खरं. पण बेरीज थांबायची तर तुकड्याचं माप पुरेशा वेगानं आटलं पाहिजे, आणि पृष्ठफळाचं माप इथे आटतच नाही. नजर जाडीवर असते, हिशेब लांबी-जाडीच्या गुणाकाराचा असतो.

नेमके आकडे इंटिग्रेशननं मिळतात. तोंडापासून a या ठिकाणापर्यंतचं घनफळ V आणि पृष्ठफळ S असं येतं, यात ln म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम:

```
V = π (1 − 1/a)
S > 2π ln a
```

पहिल्या तुकड्यात २.८२७ लिटर मावतात, दुसऱ्यात ०.२८३, तिसऱ्यात ०.०२८, म्हणजे चहाच्या पाच चमच्यांहून जरा जास्त. a कितीही वाढवला तरी कंसातलं १/a शून्याकडे जातं आणि बेरीज π वर, म्हणजे ३.१४१६ लिटरवर, येऊन टेकते. पृष्ठफळाच्या ओळीत “पेक्षा जास्त” असं चिन्ह आहे, कारण शिंगाचं अंग तिरपं आहे आणि तिरप्या अंगाची लांबी सरळ मापापेक्षा थोडी जास्त भरते. तोंडाशी तिरपेपणा ४५ अंशांचा असतो, नंतर तो झपाट्यानं सपाट होतो. तिरपेपणामुळे पडणारी सगळी भर मोजली तर पूर्ण शिंगात मिळून फक्त ०.७१ चौरस एकक येते, आणि जवळजवळ ती सगळी पहिल्याच तुकड्यात. म्हणून पहिल्या तुकड्याचं पृष्ठफळ १५.१८ आणि पुढच्या प्रत्येकाचं १४.४७. आपल्या मापात १४.४७ चौरस एकक म्हणजे साधारण ३८ सेंटिमीटर बाजूचा चौकोनी कपडा, मोठ्या रुमालाएवढा. शिंगाची लांबी दहापट झाली की असा एक रुमाल वाढतो.

“अनंत पृष्ठफळ” म्हटलं की डोळ्यांसमोर भलंमोठं काहीतरी येतं, आणि फसगत होते ती इथेच. ln a इतक्या संथपणे वाढतो की ते हिशेबात मांडल्याशिवाय पटत नाही. समजा शिंग इतकं लांब केलं की आपल्याला दिसू शकणारं विश्व एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यानं पार केलं. ते अंतर आपल्या एककांत सुमारे ९ पुढे २७ शून्यं इतकं आहे. म्हणजे जेमतेम २८ दहापटी. पृष्ठफळ किती झालं? २८ रुमाल, सुमारे चार चौरस मीटर. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद सतरंजी! विश्वाएवढं लांब शिंग एका सतरंजीत गुंडाळून होतं. एक एकर पृष्ठफळ हवं असेल तर? एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २८ हजार रुमाल. त्यासाठी शिंगाची लांबी एकावर २८ हजार शून्यं इतकी लागेल. शाळेच्या वहीच्या पानावर ओळीला तीस अंक आणि पंचवीस ओळी धरल्या तर नुसता तो आकडा लिहायला ३७ पानं जातात. अनंत म्हणजे फार मोठं नव्हे. कुठलीही हद्द आखा, कधीतरी ती ओलांडली जाईल, एवढाच त्याचा अर्थ. कधी, ते विचारायचं नाही.

आता रंगाकडे या. “एक लिटर रंग किती जागेला पुरतो?” असं पेंटरला विचारलं तर तो चौरस फुटांत उत्तर देतो. त्या उत्तरात एक गोष्ट न बोलता धरलेली असते, ती म्हणजे थराची जाडी सगळीकडे सारखी आहे. थर ०.०५ मिलिमीटर जाड धरला तर लिटरला २० चौरस मीटर होतात. थर त्याच्या निम्मा केला तर ४०. क्षेत्रफळ आणि घनफळ यांची तुलना थेट होतच नाही, मध्ये जाडी लागते. चार चौरस मीटर मोठे की तीन लिटर मोठे, हा प्रश्न दोन एकर मोठे की पाच पायल्या मोठ्या, असा आहे. शिंगाच्या कोड्यात आपण नकळत सारख्या जाडीचा थर धरतो आणि मग अडकतो.

आधी आतून रंगवू, ०.०५ मिलिमीटरचा थर देऊन. तोंडापासून पुढे-पुढे गेलं की एका जागी शिंगाची त्रिज्याच ०.०५ मिलिमीटर होते. ती जागा म्हणजे २,००० एकक, फक्त २०० मीटरवर. त्यापुढे ठरलेल्या जाडीचा थर आत बसूच शकत नाही, तो शिंग बुजवून टाकतो. २०० मीटरच्या पुढच्या सगळ्या अनंत शिंगात मिळून किती मावतं? π भागिले २,००० लिटर, म्हणजे १.६ मिलिलिटर. त्याआधीच्या २०० मीटरचं पृष्ठफळ सुमारे ४८.५ चौरस एकक, आणि त्यावरचा थर साधारण २३ मिलिलिटर. एकूण २४ मिलिलिटर रंगात शिंग आतून संपलं. तीन लिटर ओतायचीही गरज पडली नाही. आतल्या भिंतीचं क्षेत्रफळ अनंत असूनही रंग पुरतो, कारण पुढे थर आपोआप पातळ होतो. जागाच तेवढी असते. शिंग काठोकाठ भरल्यावरही हेच दिसतं. रंगाचा थर तोंडाशी १० सेंटिमीटर, एक किलोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग, आणि पुढे त्याहून पातळ.

बाहेरून गोष्ट उलटते. बाहेर थराला अडवायला भिंत नाही. शिंग केसाहून बारीक झालं तरी त्याच्याभोवती ०.०५ मिलिमीटरचा थर तसाच बसतो आणि शिंगाऐवजी रंगाचीच तार बनते. त्या तारेला दर किलोमीटरला सुमारे ८ मिलिलिटर रंग लागतो, आणि किलोमीटर संपत नाहीत. म्हणून बाहेरून सारख्या जाडीचा थर द्यायला खरोखरच अनंत रंग लागतो. गंमत म्हणजे याला कारण शिंगाचं अनंत पृष्ठफळ नाही, अनंत लांबी आहे. दोरा कितीही बारीक असला तरी अनंत लांबीच्या दोऱ्याला सारख्या जाडीचा थर द्यायचा म्हटलं की हेच होणार. बाहेरूनही थर पातळ करत न्यायची मुभा दिली तर काम होतं. प्रत्येक ठिकाणी शिंगाच्या त्रिज्येएवढाच थर दिला तर रंगवलेल्या शिंगाची त्रिज्या दुप्पट होते, घनफळ चौपट, म्हणजे १२.५७ लिटर. त्यातून शिंगाचे ३.१४ वजा केले की ९.४२ लिटर रंग लागला. दहा लिटरच्या बादलीत अनंत पृष्ठफळ बाहेरून रंगून होतं.

म्हणून “भरता येतं पण रंगवता येत नाही” हे वाक्य ऐकायला चटकदार असलं तरी अर्धवट आहे. त्यात भरताना थर पातळ होऊ दिला आहे आणि रंगवताना होऊ दिलेला नाही. दोन वेगळे नियम लावून विरोधाभास उभा केला आहे.

खऱ्या रंगाचं म्हणाल तर त्याचं भांडण फार आधीच मिटतं. एक लाख किलोमीटरवर, म्हणजे चंद्राच्या वाटेवर जेमतेम एक चतुर्थांश अंतर गेल्यावर, शिंगाची त्रिज्या एका अणूएवढी होते. रंगाचा कण तर त्याच्या कितीतरी आधी अडकतो. गणितातलं शिंग ना पत्र्याचं असतं ना त्यात ओतायचा रंग कणांचा.

दहाच्या तुकड्यांची युक्ती दुसऱ्या वक्रांवरही चालते, आणि ती चालवून पाहिली की 1/x किती नेमक्या जागी उभा आहे ते कळतं. 1/x² घेतला तर प्रत्येक तुकड्यात लांबी दहापट आणि परीघ शंभरावा भाग, म्हणून पृष्ठफळही दहा पटीनं आटतं आणि मर्यादित राहतं. कोडंच उरत नाही. उलट वर्गमुळाचा 1/√x घेतला तर वर्तुळाचं क्षेत्रफळ फक्त दहावा भाग होतं, लांबी दहापट, म्हणून प्रत्येक तुकड्यात तेवढंच, ७.२३ लिटर मावतं. मग पोटही अनंत. घातांक अर्ध्याहून जास्त आणि एकपर्यंत असेल तरच पोट मर्यादित आणि पाठ अनंत असा प्रकार होतो, आणि 1/x त्या पट्ट्याच्या अगदी काठावर आहे. हेच शिंग काकडीसारखं उभं चिरलं तर आणखी एक धक्का बसतो. चिरल्यावर दिसणाऱ्या सपाट कापाचं क्षेत्रफळही अनंत, दर तुकड्याला ४.६ चौरस एकक. बारावीच्या पेपरात या कापाचं क्षेत्रफळ काढून त्यालाच शिंगाचं पृष्ठफळ म्हणणारे निघतात. दोन्ही अनंत असल्यामुळे चूक लपते. a ला शेवट दिला की उघडी पडते, कारण एकात 2 ln a येतं आणि दुसऱ्यात 2π ln a हून जास्त.

हे घनफळ पहिल्यांदा काढलं इटलीच्या इव्हान्जेलिस्टा टोरिचेलीनं, १६४१ मध्ये, आणि ते छापून आलं १६४४ मध्ये. पाऱ्याच्या नळीनं हवेचा दाब दाखवणारा टोरिचेली तो हाच. तेव्हा न्यूटन जन्मलाही नव्हता, इंटिग्रेशनची सूत्रं नव्हती. अनंत लांबीच्या वस्तूचं घनफळ मर्यादित असू शकतं, हे ऐकून त्या काळचे विद्वान हबकले. इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जनं तर लिहिलं की हे समजायला भूमितिज्ञ किंवा तर्कशास्त्री असून भागत नाही, वेडं असावं लागतं.

टोरिचेलीची रीत मात्र वेड्याची नव्हती. त्यानं शिंगाचे आडवे काप केले नाहीत, कांद्यासारखे पापुद्रे सोलले. त्यासाठी शिंगाच्या तोंडापुढे १ एकक लांब आणि १ त्रिज्येचा भरीव दंडगोल जोडला, म्हणजे वस्तू शून्यापासून सुरू झाली. आता अक्षापासून y अंतरावरचा एक पापुद्रा घ्या. तो नळीसारखा आहे, त्रिज्या y. तो शून्यापासून निघतो आणि वक्राला धडकेपर्यंत जातो. वक्रावर y = 1/x आहे, म्हणून त्याची लांबी १/y. पापुद्र्याचं क्षेत्रफळ परीघ गुणिले लांबी, म्हणजे २πy × १/y. y वर-खाली कटून जातो आणि उरतं २π. बाहेरचा पापुद्रा आखूड आणि रुंद, आतला लांबलचक आणि बारीक, पण प्रत्येकाचं क्षेत्रफळ तेवढंच. सगळे पापुद्रे उलगडून एकावर एक रचले तर २π क्षेत्रफळाची थप्पी होते. तिची उंची १, कारण y शून्यापासून एकपर्यंतच जातो. थप्पीचं घनफळ २π, आपल्या मापात ६.२८ लिटर. त्यातून जोडलेल्या दंडगोलाचे ३.१४ लिटर काढून घेतले की शिंगाच्या वाट्याला उरतात तेवढेच ३.१४.